उघड्या दाराचं ड्रॉइंग

नव्याकोऱ्या बेडरूममधलं कपाट. लॅमिनेटवरची प्लास्टिकची झिल्ली नुकतीच सोललेली, हँडलं चकचकीत, बिजागऱ्या अशा की शटर हलक्या हाताने ढकललं तरी शेवटच्या दोन इंचांत आपोआप सावकाश मिटतं. घरातल्या बाईंनी कौतुकाने शटर उघडलं आणि आतला ड्रॉवर ओढला. तो चार बोटं बाहेर आला आणि शटरच्या कडेला घासून थांबला. शटर अजून थोडं उघडून बघितलं, तर हँडल बाजूच्या भिंतीला टेकलं. पुढे जायला जागाच नाही. ड्रॉइंग केलेली मुलगी पदवीधर होती आणि ड्रॉइंग सुबक होतं. सुतार वीस-बावीस वर्षं मुरलेला, आणि त्याने ड्रॉइंगप्रमाणेच केलं होतं. बाईंनी विचारलं, “म्हणजे चूक कोणाची?” कोणीच उत्तर दिलं नाही. तो प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही, कारण इंटिरिअरचं किंवा फॅशनचं शिक्षण कुठे घ्यावं, कॉलेजात की कोणाच्या हाताखाली, आणि स्वतःचं काम कधी सुरू करावं, या सगळ्याचं उत्तर त्या अडकलेल्या ड्रॉवरभोवतीच सापडतं असं मला वाटतं.

आधी ड्रॉवर का अडकला ते नीट बघू. कपाट 900 मिलिमीटर रुंद, दोन शटरचं. दोन्ही बाजूंना 18 मिलिमीटरचा प्लाय, म्हणजे आतली मोकळी जागा 864. ड्रॉवर ज्यांवर सरकतो ते नेहमीचे टेलिस्कोपिक चॅनल लावायचे तर प्रत्येक बाजूला साधारण 13 मिलिमीटर सोडावे लागतात, म्हणून ड्रॉवरची पेटी बाहेरून 838. ड्रॉइंगमध्ये हाच आकडा होता आणि गणित म्हणून तो बरोबरच आहे. पण नेहमीच्या बिजागरीवर शटर काटकोनात उघडलं तरी त्याची आतली कड आणि खुद्द बिजागरी थोडी आतल्या जागेत राहते. 110 अंशांपर्यंत उघडलं तर ती बरीचशी बाजूला सरकते. इथे कपाट कोपऱ्यात होतं, भिंतीला चिकटून. हँडलच 35 मिलिमीटर पुढे आलेलं, त्यामुळे शटर काटकोनही गाठेना. उपाय दोन होते. कपाट आणि बाजूची भिंत यांच्यात 50 मिलिमीटरची पट्टी देऊन शटरला उघडायला जागा करायची, आणि चॅनलच्या मागे दोन्हीकडे 30 मिलिमीटरचं पॅकिंग देऊन पेटी 778 वर आणायची. ड्रॉवर साठ मिलिमीटरनी लहान होतो, पण पूर्ण बाहेर येतो. शटर उघडल्यावर आतल्या जागेतून पार बाहेर पडणाऱ्या बिजागऱ्याही मिळतात. पण हँडल भिंतीला टेकत असेल तर त्यांचाही उपयोग नाही.

हे सगळं कागदावर पाच मिनिटांत दिसलं असतं. कपाटाचा वरून दिसणारा नकाशा घ्यायचा, त्यात शटर उघडं काढायचं, हँडलसकट, बाजूच्या भिंतीसकट, आणि त्याच नकाशात ड्रॉवर पूर्ण ओढलेला दाखवायचा. दोन रेषा एकमेकींना कापताना दिसल्या की प्लाय कापायच्या आधीच कळतं. पण सादरीकरणासाठी काढलेल्या ड्रॉइंगमध्ये फर्निचर नेहमी मिटलेलं असतं. समोरून दिसणारं चित्र, बंद दारं, सरळ रेषा. घरात मात्र तेच फर्निचर दिवसभर उघडलं जातं.

पदवीचं शिक्षण नेमकं इथे सुटतं, आणि ते का सुटतं हेही समजण्यासारखं आहे. तीन-चार वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी एखाद्या सत्रात अख्खं हॉटेल डिझाइन करतो, पुढच्या सत्रात दवाखाना. प्रत्येक प्रकल्प परीक्षकांसमोर मांडला की संपतो. त्यातल्या कोणत्याही कपाटाचा ड्रॉवर कोणी ओढून बघत नाही. म्हणून पदवी निरुपयोगी, असं म्हणणाऱ्यांशी मात्र मी मुळीच सहमत नाही. एकाच खोलीकडे माणसाची चाल, उजेडाची दिशा, आवाज, साठवण आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट अशा पाच बाजूंनी एकाच वेळी बघायची सवय कॉलेजातच लागते. एखादा निर्णय का घेतला हे शब्दांत सांगता येणं, आणि कोणी खोडून काढल्यावर तो मागे घेऊन दुसरा मांडता येणं, हे हाताखाली शिकलेल्याला क्वचितच जमतं, कारण त्याला ‘का’ हे विचारायची मुभाच नसते. पलंग आणि कपाट यांच्यात किती जागा हवी हे सुतारही सांगेल. पण पलंगच दुसऱ्या भिंतीला लावला तर कपाटाची अडचण मुळात उरत नाही, हे सुचायला खोली पूर्ण डोळ्यांसमोर असावी लागते.

आता हाताखालचं शिक्षण. चांगल्या मिस्त्रीबरोबर वर्षभर राहिलेला पोरगा मापं घ्यायला गेला की भिंतींमधल्या कोनाड्याची रुंदी एकदा मोजून थांबत नाही. तो जमिनीजवळ, मधे आणि वर अशा तीन ठिकाणी मोजतो, तीनही आकडे भिंतीवर पेन्सिलीने लिहितो आणि सगळ्यात लहान आकडा धरतो. मग दोन्ही कर्ण मोजतो. कर्ण सारखे नसतील तर कोपरा काटकोनात नाही. कपाट त्याहून पंधरा-वीस मिलिमीटर कमी करायचं आणि उरलेली फट भिंतीच्या वाकड्या रेषेप्रमाणे तासलेल्या पट्टीने भरायची, हे त्याला कोणी समजावून सांगितलेलं नसतं. त्याने ते होताना बघितलेलं असतं. कामांचा क्रम त्याच्या अंगात मुरतो. वायरिंग आणि पाण्याच्या लाइनी आधी, मग छताचं काम, फरशी, सुतारकाम, आणि रंगाचा शेवटचा हात अगदी शेवटी. लॅमिनेट चिकटवल्यावर दाब किती वेळ ठेवायचा, कडेची पट्टी कुठे उचकटते, प्लायची कोणती बाजू दमट भिंतीकडे नको, हे हात लावूनच कळतं.

पण याला मर्यादा आहे. हाताखाली शिकलेला माणूस त्या एका कारखान्याच्या सवयी शिकतो. तिथे नेहमी बाजूचे चॅनल लावत असतील तर तेरा मिलिमीटर हा आकडा त्याच्या डोक्यात इतका घट्ट बसतो की तो त्याला नियम वाटायला लागतो. एक दिवस ड्रॉवरच्या तळाखाली बसणारे चॅनल येतात. त्यात पेटीची रुंदी, तळाची उंची आणि मागच्या फळीतले खाचे यांचा हिशेब पूर्ण वेगळा. कंपनीचा मापांचा तक्ता वाचायची सवय नसेल तर हा अनुभवी माणूस सहा ड्रॉवर चुकीच्या मापाचे करून ठेवतो. आपल्या त्या कपाटातही हेच झालं. कोपऱ्यात शटर अडेल हे सुताराला खरं तर आधीच कळायला हवं होतं, आणि बहुधा कळलंही असेल. पण ‘ड्रॉइंगप्रमाणे करा’ असं सांगितलेल्या ठिकाणी तो बोलला नाही. बोलण्याची पद्धतच तिथे नव्हती.

ज्ञान दोन ठिकाणी होतं आणि ते एकत्र आलं नाही.

ही फट जुनी आहे आणि ती बुजवायचे प्रयत्नही जुने आहेत. 1919 साली जर्मनीतल्या वायमारला सुरू झालेल्या बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या संस्थेत प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत. एक रूपाचा, म्हणजे चित्रकार किंवा शिल्पकार, आणि दुसरा हस्तकौशल्याचा, म्हणजे प्रत्यक्ष कारागीर. विद्यार्थी सहा महिन्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम करून मग सुतारकाम, विणकाम, धातुकाम अशा एखाद्या कार्यशाळेत जाई. मला यात सगळ्यात लक्षणीय वाटते ती पुढची पायरी. 1925 मध्ये संस्था देसाऊला गेल्यावर काही कार्यशाळांची जबाबदारी तिथेच घडलेल्या तरुणांकडे आली. फर्निचरची मार्सेल ब्रॉयरकडे, विणकामाची पुढे गुंता श्टोल्झलकडे. दोन गुरूंचं काम एकाच माणसाला करता येऊ लागलं, कारण तो दोघांच्या हाताखालून गेला होता. फॅशनमध्ये हाच प्रवास उलट्या क्रमाने केलेला माणूस म्हणजे ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो लंडनच्या सॅव्हिल रो या सूट शिवणाऱ्या शिंप्यांच्या रस्त्यावर शिवणकाम शिकायला लागला, पुढे नाटकांच्या कपड्यांचं काम केलं, आणि त्यानंतर सेंट्रल सेंट मार्टिन्समधून 1992 मध्ये एम. ए. केलं. कॉलेजात शिरला तेव्हा कोट कापायचा कसा हे त्याला येत होतं. कोटाचं करायचं काय, याचा शोध त्याने तिथे घेतला.

कपड्यांच्या धंद्यात ही फट कुठे उघडी पडते ते एका शर्टावरून दाखवतो. समजा एका नव्या डिझायनरला चाळीस सुती शर्टांची ऑर्डर मिळाली. नमुन्याचा शर्ट उत्तम झाला. मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवून, बाही आणि मुंढा यांचं जमवून, मगच खऱ्या कापडात कापलेला. पॅटर्न तयार, मापांचे साइज काढलेले. एका शर्टाला 1.8 मीटर कापड लागलं म्हणून चाळिसांना 72 मीटर मागवलं. कॉलेजात शिकवलेलं सगळं तिने व्यवस्थित केलं होतं.

कापड आलं की आधी त्यावर 50 सेंटिमीटरचा चौकोन धुऊन न जाणाऱ्या शाईने आखायचा आणि घालणारा माणूस जसा धुईल तसाच तो तुकडा धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत मोजायचा. इथे उभ्या धाग्यात 48 भरला आणि आडव्यात 49. म्हणजे उभं कापड चार टक्के आटतं, आडवं दोन टक्के. आता शर्टाची लांबी 72 सेंटिमीटर हवी असेल तर पहिला मार्ग असा की पॅटर्नच वाढवायचा, 72 भागिले 0.96, म्हणजे 75. छातीचा घेर 108 असेल तर 108 भागिले 0.98, म्हणजे सुमारे 110. दुसरा मार्ग म्हणजे सगळं कापड आधी धुऊन आटवून घ्यायचं आणि पॅटर्नला हात लावायचा नाही. पहिल्या मार्गातली अडचण कॉलरमध्ये दिसते. कॉलरच्या आत जे फ्यूजिंग चिकटवतात ते कापडाइतकं आटत नाही. पहिल्याच धुण्यात कापड आखडतं, आतला थर तेवढाच राहतो आणि कॉलरवर फुगे येतात. म्हणून कॉलरचा तुकडा फ्यूजिंगसकट धुऊन बघायचा, आणि फुगा आला तर फ्यूजिंग बदलायचं किंवा कापड आधी आटवायचं. एखाद्या कटिंग मास्तरांकडे सहा महिने काढले असतील तर या चौकोनाशिवाय कात्री उचलली जात नाही.

तिने कापड आटवायचं ठरवलं, आणि ते बरोबरच होतं. पण 72 मीटरचे धुतल्यावर 69 राहिले. ठाणाच्या दोन टोकांचे तुकडे, विणीतले दोष, थर अंथरताना दोन्हीकडे सोडावे लागणारे सेंटिमीटर यात आणखी साधारण चार टक्के जातात. उरले साडेसहासष्ट मीटरच्या आत-बाहेर, आणि त्यात बसतात छत्तीस शर्ट. मागवायचं होतं उलटा हिशेब करून, 72 भागिले 0.96, म्हणजे 75, आणि वर चार टक्के, म्हणजे 78 मीटर. कमी पडलेलं कापड नंतर मागवता येतंच, पण ते दुसऱ्या रंगवणीतलं ठाण असतं. रंगाच्या क्रमांकात फरक नाही, डोळ्याला मात्र तो दिसतो, विशेषतः बाही एका ठाणातली आणि अंग दुसऱ्यातलं असेल तर. म्हणून कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर थराचा क्रमांक चिकटवतात, आणि एका शर्टाचे सगळे भाग एकाच थरातून घेतात. चार शर्ट पूर्णपणे दुसऱ्या ठाणातून कापले तर निभावतं. गिऱ्हाइकाला आधी सांगायला मात्र हवं.

आणि इथे तिसरी गोष्ट येते, जी कॉलेजात शिकवत नाहीत आणि मास्तरही शिकवत नाहीत. त्या जादा कापडाचे पैसे कोणाचे?

नोकरीत असताना हा प्रश्न मालकाचा असतो. स्वतःचं काम सुरू केलं की तो तुमचा होतो, आणि स्वतंत्र धंदे बंद पडतात ते बहुतेक वेळा डिझाइन वाईट म्हणून नाही, तर असे जादाचे मीटर आणि जादाचे तास मोजलेच गेले नाहीत म्हणून. तासांचा हिशेब एकदा कागदावर करून बघण्यासारखा आहे. वर्षाचे 52 आठवडे. सुट्ट्या, आजारपण, घरची कार्यं यांचे सहा वजा केले तर 46. आठवड्याला 40 तास धरले तर 1840. यातला जवळपास अर्धा वेळ नवी कामं मिळवणं, भेटी, बिलं, फोन, नमुने परत करणं यात जातो, आणि त्याचे पैसे कोणीच देत नाही. म्हणजे पैसे मिळवून देणारे तास सुमारे 920. आता एका बेडरूमचं काम धरा. मापं घ्यायला 6 तास, कल्पना आणि नकाशे 14, कामाची ड्रॉइंग 24, साहित्य निवडणं आणि दर मागवणं 16, साइटवरच्या बारा फेऱ्या जाण्यायेण्यासकट प्रत्येकी तीन तास म्हणजे 36, आणि राहिलेल्या कामांची शेवटची यादी व ताबा 8. एकूण 104 तास. 920 मध्ये अशा जवळपास नऊ खोल्या बसतात. तुमच्या घराचा, ऑफिसचा आणि कराचा वर्षाचा खर्च नऊने भागा. तो आकडा म्हणजे एका खोलीची तुमची किमान फी. त्याखाली घेतलेलं प्रत्येक काम तुम्ही पदरचे पैसे घालून करता आहात.

आता अशा प्रत्येक खोलीचं काम दोन महिने लांबलं आणि आठ फेऱ्या वाढल्या असं धरा. 24 तास गेले, 104 चे 128 झाले, आणि वर्षाला नऊच्या जागी सात खोल्या उरल्या. फी तेवढीच. म्हणून करारात फेऱ्यांची संख्या लिहायची, ड्रॉइंगमधले बदल किती वेळा फीमध्ये धरले आहेत ते लिहायचं, आणि त्यापुढच्या प्रत्येक बदलाला वेगळा दर. फीमध्ये दोनदा बदल हे मला वाजवी वाटतं. एकूण खर्चाच्या टक्केवारीवर फी घेण्याची पद्धत सोपी आहे खरी, पण गिऱ्हाइकाने महाग फरशी निवडली की तुमची फी वाढते आणि तुमच्या सल्ल्यावरचा त्याचा विश्वास कमी होतो. ठरावीक फी टप्प्याटप्प्याने घेणं जास्त स्वच्छ. काम ठरताना चौथा हिस्सा, ड्रॉइंग मंजूर झाल्यावर सुमारे तिसरा हिस्सा, साइट चालू असताना उरलेल्यातला बराचसा, आणि शेवटी फक्त दहा टक्के, कारण शेवटचा हप्ता अडकतो हे धरूनच चालावं. साहित्याचे पैसे शक्यतो गिऱ्हाइकाने थेट दुकानदाराला द्यावेत. ते तुमच्या खात्यातून फिरले की तुमच्याकडे खूप पैसे आहेत असा भास होतो, आणि फरशी फुटकी निघाली तर जबाबदारीही तुमच्याच गळ्यात येते. कपड्यांत तर ओढाताण आणखी जास्त. कापडाचे पैसे आज द्यायचे, शिलाईचे पंधरा दिवसांनी, आणि दुकान मात्र माल विकल्यावर देणार. चाळीस शर्टांची पुढची ऑर्डर नफ्यावर अडत नाही, हातात पैसे किती आहेत यावर अडते.

म्हणून माझ्या मते खरा प्रश्न पदवी की उमेदवारी हा नाही, कशानंतर काय हा आहे. पदवी घ्यायची असेल तर कॉलेज निवडताना विद्यार्थ्यांची रंगीत सादरीकरणं बघण्यापेक्षा कार्यशाळा बघावी. सुतारकामाच्या टेबलावर भुसा आहे का, शिलाईची यंत्रं चालू आहेत का, आणि विद्यार्थ्याने स्वतः काढलेल्या ड्रॉइंगवरून निदान एक वस्तू पूर्ण मापात बनवायला लावतात का, एवढं विचारावं. उमेदवारीचं ठिकाण निवडताना विचारावं की मापं घेताना टेप माझ्या हातात असेल का, आणि कामाचं शेवटचं बिल मला बघायला मिळेल का. वर्षभर नुसते कापडाचे आणि लॅमिनेटचे नमुने आणायला-पोचवायला लावणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. तिथे तीन महिन्यांत शिकायचं ते शिकून होतं. हाताखाली शिकलेल्याने नंतर ड्रॉइंग, साइज काढणं किंवा प्रकाशयोजना यांचे छोटे अभ्यासक्रम करावेत. चार वर्षांची पदवी त्याला लागेलच असं नाही. पण भिंत पाडायची, बीमला हात लावायचा, वीजजोडणी बदलायची, तर त्या कामाचा परवाना असलेला माणूस लागतो, आणि अनुभव कितीही असला तरी तिथे तो चालत नाही.

स्वतःचं काम सुरू करण्याआधी निदान एक काम पहिल्या मापापासून शेवटच्या बिलापर्यंत आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांपर्यंत दुसऱ्याच्या खर्चाने बघितलेलं असावं, हा माझा आग्रह आहे. ते सहा महिने महत्त्वाचे, कारण लाकूड हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं, शटर खाली उतरतात, कडेच्या पट्ट्या सुटतात, आणि कापडाच्या बाबतीत आठ-दहा धुण्यांनंतर कॉलरची, काजांची आणि रंगाची खरी गत कळते. स्वतःच्या पहिल्या करारातही ताबा दिल्यानंतर सहा महिन्यांनी एक फेरी धरून ठेवावी, तिचे तास फीमध्ये मोजावेत, आणि त्या फेरीत कोणती दुरुस्ती कोणाच्या पैशाने होईल हे आधीच लिहून ठेवावं. ड्रॉइंगमधली चूक डिझायनरची, जोडणीतली सुताराची, आणि ड्रॉइंगमध्ये चूक दिसत असूनही काम पुढे नेलं असेल तर निम्मी निम्मी. हे शेवटचं कलम सुताराला आधी वाचून दाखवावं. ते ऐकलेला सुतार प्लाय कापायच्या आधी ड्रॉइंग हातात घेऊन तुमच्याकडे येतो आणि विचारतो, “मॅडम, हे शटर भिंतीला लागणार नाही ना?”